तलावाच्या बाजूच्या टाइल गायब आणि पाणी निळ्या जेलीसारखं: बाहेरच्या रेंडरमधला नेहमीचा घोळ

तक्रार दर वेळी जवळपास सारखीच असते. घराचा बाहेरचा देखावा तयार आहे, झाडं बसली आहेत, ऊन छान पडलंय, आणि मधोमध तलावाच्या जागी कुणीतरी निळ्या जेलीची वडी ठेवल्यासारखं दिसतंय. तळाच्या टाइल दिसतात, पण बाजूच्या भिंतींवरच्या दिसत नाहीत. तिथे आरसा लावल्यासारखं काहीतरी चमकतं. मग माणूस लहरींच्या मागे लागतो. नॉइज वाढव, कमी कर, नवीन नॉर्मल मॅप शोध, असं करत दुपार जाते आणि पाणी होतं तसंच राहतं.

लहरींचा दोष यात फारच क्वचित असतो. म्हणून कुठलाही बिघडलेला तलाव समोर आला की मी आधी सगळ्या लहरी बंद करतो आणि पृष्ठभाग काचेसारखा सपाट करतो. सपाट पाणी खोटं दिसत असेल, तर लहरी त्याला वाचवू शकत नाहीत. त्या फक्त चूक झाकतात.

पुढचं सगळं एका तलावावर बोलतो, म्हणजे आकडे हवेत राहणार नाहीत. तलाव १० मीटर लांब, ५ मीटर रुंद, १.५ मीटर खोल, एका टोकाला पायऱ्या. ऊन क्षितिजापासून ४५ अंशांवर. सॉफ्टवेअर ब्लेंडर, रेंडर सायकल्सवर. दुसरं काही वापरत असाल तर बटणांची नावं बदलतील, कारणं तीच राहतील.

बाजूच्या टाइल आरशासारख्या का होतात

पाण्याचा मेश बघा. बहुतेकांनी तलावाच्या आतल्या मापाचा एक ठोकळा बनवलेला असतो आणि तो भिंतींना चिकटू नये म्हणून चारी बाजूंनी एखादा मिलिमीटर लहान केलेला असतो. हेतू चांगला असतो, कारण दोन पृष्ठभाग अगदी एकाच जागी आले तर काळे ठिपके उठतात. पण त्या एका मिलिमीटरमध्ये रेंडरच्या दृष्टीने हवा आहे. म्हणजे पाणी, मग हवेची फट, मग टाइल.

पाण्यातून हवेत बाहेर पडणारा किरण ४८.६ अंशांपेक्षा जास्त तिरका आदळला, तर तो बाहेर पडतच नाही, पूर्ण परावर्तित होऊन आत वळतो. आता कॅमेऱ्यापासून निघालेला किरण वरून पाण्यात शिरला की अपवर्तनामुळे तो उभ्या रेषेकडे वळतो. आत गेल्यावर त्याचा उभ्या रेषेशी असलेला कोन कधीच ४८.६ अंशांच्या पुढे जात नाही. म्हणून तळाशी फट असली तरी किरण तिच्यातून पार होतो आणि तळाच्या टाइल दिसतात. उभ्या भिंतीचं गणित मात्र उलटं आहे. किरण जितका खाली झुकलेला, तितका तो भिंतीवर घसटून आदळतो. कॅमेरा क्षितिजापासून साधारण २८ अंशांहून जास्त खाली बघत असेल, तर भिंतीकडे गेलेला प्रत्येक किरण फटीवरून परत फिरतो. तळ दिसतो आणि भिंत आरसा होते, त्यामागचं कारण एवढंच आहे. ही खूण इतकी नेमकी आहे की नुसता स्क्रीनशॉट बघूनही फट ओळखता येते.

उपाय सोपा आहे. ठोकळा लहान करण्याऐवजी मोठा करा. बाजू आणि तळ भिंतींच्या आत पाच ते दहा मिलिमीटर घुसू द्या. आता टाइलचा पृष्ठभागच पाण्याच्या पोटात आला, त्यामुळे किरणाला मध्ये हवा भेटत नाही. भिंती नुसत्या एका पातळ पत्र्यासारख्या फेसच्या असतील, तर पाणी त्यांच्या मागून बाहेर डोकावेल. ती बाजू कुठल्याही कॅमेऱ्याला दिसत नसेल तर सोडून द्या, दिसत असेल तर भिंतींना जाडी द्या. ज्या तलावाची एक बाजू पारदर्शक ॲक्रिलिकची आहे, त्या बाजूला हा घुसवण्याचा उपाय जसाच्या तसा चालत नाही. तिथे पाणी आणि ॲक्रिलिक यांच्यातली हद्द वेगळी सांभाळावी लागते.

फट बुजवूनही पाणी काळपट राहिलं, तर नॉर्मल उलटे आहेत का ते बघा. व्ह्यूपोर्टमध्ये `Face Orientation` चालू केल्यावर पाण्याचा ठोकळा बाहेरून सगळा निळा दिसला पाहिजे. लाल दिसला तर रेंडरला वाटतं की कॅमेराच पाण्यात आहे, आणि अपवर्तन उलटं होतं.

निळं पाणी, निळी टाइल, दुप्पट निळं

भिंती परत आल्या की जेलीचा प्रश्न उरतो. तो मटेरियलच्या रंगात असतो. पाण्याला निळा रंग दिलेला असतो, कारण तलाव निळा दिसतो. पण पृष्ठभागाला दिलेला रंग खोली ओळखत नाही. पहिल्या पायरीवरचं वीतभर पाणी आणि खोल टोकाचं दीड मीटर पाणी दोन्ही सारखंच निळं दिसतं. डोळ्याला खटकतं ते हेच, फक्त नाव सापडत नाही.

खऱ्या पाण्यात रंग अंतराने येतो. पाणी लाल प्रकाश बऱ्यापैकी शोषतं, हिरवा थोडा आणि निळा जवळपास नाहीच. एका मीटरमागे शोषणाचा गुणांक लालसाठी साधारण ०.३४, हिरव्यासाठी ०.०५७ आणि निळ्यासाठी ०.०१ धरला, तर आपल्या कामाला तो पुरेसा अचूक आहे. प्रकाश पृष्ठभागापासून तळापर्यंत जातो आणि परत वर येतो, म्हणजे दीड मीटर खोलीत निदान तीन मीटरचा प्रवास होतो. एवढ्यात लाल ३६ टक्के उरतो, हिरवा ८४ आणि निळा ९७. पांढरी टाइल आपोआप फिकट फिरोजी दिसायला लागते, निळा रंग कुणी दिलेला नसताना. पहिल्या पायरीवर, ३० सेंटिमीटर पाण्यात, लाल अजून ८० टक्क्यांच्या आसपास असतो, म्हणून ती पायरी जवळपास पांढरीच दिसते. पायऱ्यांवरून खोलीकडे जाताना हा रंग हळूहळू गडद झाला, की पाणी खरं वाटायला लागतं.

म्हणून पृष्ठभाग पूर्ण रंगहीन ठेवा आणि रंगाचं काम `Volume Absorption` वर सोपवा. हा नोड प्रत्येक रंगाचं शोषण `Density` गुणिले (१ वजा रंग) असं काढतो. वरचे गुणांक त्यात बसवले की हे मिळतं:

```
Glass BSDF         Color 1.0, 1.0, 1.0   Roughness 0.0   IOR 1.333
Volume Absorption  Color 0.0, 0.83, 0.97   Density 0.34
```

पहिला नोड `Surface` ला, दुसरा `Volume` ला. हे आकडे एक युनिट म्हणजे एक मीटर असं धरून आहेत. मॉडेल दुसरीकडून मिलिमीटरमध्ये आलं असेल आणि तलाव १०,००० युनिट लांब असेल, तर शोषण हजारपट होतं आणि पाणी शाईसारखं काळं दिसतं. तेव्हा `Density` कमी करत बसू नका, मॉडेलचं स्केल नीट करा. तिथून पुढे ऊन, कॅमेरा, लहरी सगळंच त्या मापावर चालणार आहे.

राहिला टाइलचा रंग. मी सगळ्यात जास्त फसलेली माणसं इथे पाहिली आहेत, आणि त्यात एकदा मीही होतो. संदर्भाचा फोटो उघडायचा, भरलेल्या तलावातल्या टाइलवर आयड्रॉपर लावायचा आणि तोच रंग टाइलच्या मटेरियलमध्ये टाकायचा. त्या फोटोतल्या टाइलचा लाल रंग पाण्याने आधीच खाल्लेला असतो. आपण तो रंग पाण्याखाली ठेवला की पाणी तो पुन्हा खातं. समजा टाइल आकाशी घेतली, लाल ०.२५, हिरवा ०.६, निळा ०.७५. तीन मीटरच्या प्रवासानंतर उरतात लाल ०.०९, हिरवा ०.५० आणि निळा ०.७३. मिठाईवर घालतात तसला निळा. टाइलचा रंग नेहमी कोरड्या नमुन्यावरून घ्या. नमुना नसेल तर फोटोत पाण्याच्या वर उघडी राहिलेली टाइलची पट्टी असते, तिच्यावरून घ्या. ती रिकाम्या तलावात अगदी फिक्कट, बेचव वाटेल. वाटू द्या.

तळ अंधारलेला का

आता बहुधा तळ काळवंडलेला दिसेल. काचेसारखं मटेरियल सूर्याकडे जाणारा सावलीचा किरण अडवतं, म्हणून रेंडरला वाटतं की तळ सावलीत आहे. नेहमीची सोय अशी: `Mix Shader` मध्ये एका बाजूला `Glass BSDF`, दुसऱ्या बाजूला `Transparent BSDF`, आणि `Fac` ला `Light Path` मधला `Is Shadow Ray`. कॅमेऱ्याला काच दिसते, सावलीच्या किरणाला मोकळी वाट. व्ही-रेच्या मटेरियलमध्ये `Affect shadows` ची खूण याच कामाची. ही सोय वापरताना रेंडर सेटिंगमधलं `Caustics` खालचं `Refractive` बंद करा. नाहीतर आकाशाचा उजेड एकदा सरळ आणि एकदा वळून असा दोनदा मोजला जातो आणि तळ भगभगीत होतो.

या सोयीची किंमत माहीत असावी. ऊन पाण्यात शिरताना वळत नाही, सरळ जातं. ४५ अंशांचं ऊन खऱ्या पाण्यात उभ्या रेषेपासून ३२ अंशांवर वळतं. तलावाच्या भिंतीची तळावर पडणारी सावली दीड मीटर खोलीत खरी ९४ सेंटिमीटर असायला हवी, ती या सोयीत दीड मीटर पडते. दुरून घेतलेल्या दृश्यात हे कुणाच्या लक्षात येत नाही. तलाव हाच चित्राचा विषय असेल तर मात्र येतं. अशा वेळी मी सोय काढून टाकतो आणि `Shadow Caustics` वापरतो. सूर्याच्या दिव्यावर ते चालू करायचं, पाण्याला `Cast Shadow Caustics` आणि टाइलना `Receive Shadow Caustics` द्यायचं. वेळ जास्त लागतो, पण तळावरचं उन्हाचं जाळं आपोआप मिळतं आणि सावलीही जागेवर पडते.

जाळं हातानेच करायचं असेल तर ते टाइलच्या टेक्स्चरमध्ये घालू नका. तसं केलं की भिंतीच्या सावलीतही उन्हाचं जाळं चमकत राहतं, आणि ती चूक लपत नाही. ते वरच्या `Transparent BSDF` च्या रंगात घाला. म्हणजे पाण्याचा पृष्ठभाग स्टेन्सिलसारखा काम करतो, जाळं ऊन जाईल त्या दिशेनेच खाली उतरतं, पायऱ्यांवर तुटतं आणि सावलीत विझतं. `Voronoi Texture` मध्ये `Distance to Edge` घेऊन त्याचे कोऑर्डिनेट थोड्या नॉइजने वेडेवाकडे केले की आकार जमतो. रेषांची जाडी मात्र तपासा. सूर्य हा बिंदू नाही, आकाशात त्याची तबकडी अर्ध्या अंशाची आहे, त्यामुळे दीड मीटर खोलीवर प्रकाशाची रेष साधारण एक सेंटिमीटरपेक्षा बारीक होऊच शकत नाही. केसासारख्या बारीक रेषा दिसल्या की ते जाळं चिकटवलेलं आहे हे कळतं.

काठ आणि प्रतिबिंब

पाण्यावर सरळ वरून बघितलं तर फक्त २ टक्के प्रकाश परत येतो. उभ्या रेषेपासून ६० अंशांवर ६ टक्के, ७५ अंशांवर २१ आणि ८० अंशांवर ३५. कॅमेरा पाण्यापासून १.६ मीटर उंच असेल, जवळचा काठ २ मीटरवर आणि लांबचा १२ मीटरवर असेल, तर जवळच्या पाण्यात तळ स्वच्छ दिसतो आणि लांबच्या काठाशी ४४ टक्के परावर्तन होतं. तळापेक्षा आकाश कितीतरी उजळ असल्यामुळे तिथे टाइल दिसतच नाहीत. "लांबच्या टाइल दिसायला हव्यात" असा आग्रह आला की काहीजण आयओआर कमी करतात. त्याने अपवर्तनही कमी होतं, तलाव अचानक खोल दिसतो आणि पायऱ्या विचित्र सरकतात. आयओआरला हात न लावता कॅमेरा साडेतीन मीटर उंचीवर न्या, त्याच जागेचं परावर्तन २० टक्क्यांच्या आत येतं.

अपवर्तनाने तलाव उथळ दिसतो हेही याच ठिकाणी सांगावं लागतं. वरून बघताना दीड मीटर खोली सव्वा मीटरहूनही कमी, साधारण १.१२ मीटर भासते, आणि तिरकं बघावं तसतशी आणखी कमी. कुणी तलाव उथळ दिसतो म्हणून मॉडेलमध्ये खोली वाढवायला सांगितली, तर नकार द्या. मापं नकाशाप्रमाणेच राहू द्या.

लांबच्या काठाशी पाण्यात एक पांढरी चमकदार रेघ उठते, तिचं कारण वेगळं आहे. पाणी काठाचीच नाही, काठामागच्या सगळ्याची नक्कल करतं. मागे कुंपण, भिंत, झाडं काहीच मॉडेल केलेलं नसेल तर एचडीआरआयचं उजळ क्षितिज परावर्तित होतं. तिथे साधी करड्या रंगाची भिंत उभी करून बघा, रेघ गेली तर कारण तेच. दुसरी जागा म्हणजे काठावरच्या फरशीची खालची बाजू. स्किमरच्या तलावात पाणी काठापासून दहा-पंधरा सेंटिमीटर खाली असतं, त्यामुळे पुढे आलेल्या फरशीचा खालचा भाग थेट दिसला नाही तरी प्रतिबिंबात दिसतो. तो फेस काढून टाकलेला असेल, तर पाण्यात फरशीच्या जागी आकाश दिसतं आणि काठ तरंगल्यासारखा वाटतो. पाणी काठोकाठ भरून वाहणाऱ्या तलावात हा प्रश्नच येत नाही.

आता लहरी

इथवर सपाट पाणी पटण्यासारखं झालेलं असेल. आता लहरींना मापात आणायचं, आणि ते माप तळावरच्या जाळ्यातूनच मिळतं. लहरीचा प्रत्येक उंचवटा भिंगासारखा प्रकाश गोळा करतो, आणि पाण्यात त्याचं नाभीय अंतर उंचवट्याच्या वक्रतेच्या त्रिज्येच्या चौपट असतं. तळ दीड मीटरवर आहे, म्हणजे त्रिज्या ३७ सेंटिमीटरच्या आसपास हवी. लहरींची लांबी २० सेंटिमीटर धरली तर ही त्रिज्या देणारी उंची मधल्या पातळीपासून अवघी २.७ मिलिमीटर निघते. माथ्यापासून खळग्यापर्यंत साडेपाच मिलिमीटर. तळावर ठसठशीत जाळं पडायला एवढंच पुरतं, आणि जिथे पाच सेंटिमीटरच्या लाटा ठेवलेल्या दिसतात तिथे समुद्र तलावात का कोंबल्यासारखा वाटतो, ते या आकड्यावरून कळतं. ओशन मॉडिफायर या कामाला घेऊच नका, तो खुल्या समुद्रासाठी आहे.

एवढ्याशा लहरींचा उतार जास्तीत जास्त पाच अंश होतो, पण आरसा पाच अंश वळला की प्रतिबिंब दहा अंश हलतं. म्हणून घराच्या कोपऱ्याची उभी रेघ पाण्यात तुटक, उभ्या लांबट तुकड्यांत दिसते. प्रतिबिंब पूर्ण विस्कटून नुसता चुरा झाला असेल तर लहरी जास्त आहेत. रेघ अखंड सरळ असेल तर कमी आहेत. मी उंची याच खुणेवर ठरवतो, `Strength` च्या आकड्यावर नाही.

बंप मॅपने काम भागतं, जोपर्यंत कॅमेरा उंच आहे. खाली आला की पाण्याची आणि टाइलची हद्द सुरीने कापल्यासारखी सरळ दिसते, कारण बंप आकार बदलत नाही. तेव्हा खरी भूमिती हवी. २० सेंटिमीटरच्या लहरीला २ सेंटिमीटरची जाळी द्या, म्हणजे वरच्या पृष्ठभागावर ५०० गुणिले २५० असे सव्वा लाख फेस. आजच्या मशीनला ते जड नाही. त्यावर दोन `Displace` मॉडिफायर, दोन्ही फक्त वरच्या पृष्ठभागाच्या व्हर्टेक्स ग्रुपवर. पहिल्याची लहर २० सेंटिमीटरची आणि `Strength` 0.006, दुसऱ्याची ६० सेंटिमीटरची आणि `Strength` 0.01. `Midlevel` 0.5 राहू दिला की पहिली लहर वर-खाली तीन मिलिमीटरच्या आत राहते. `Shade Smooth` विसरलात तर प्रतिबिंबात दोन सेंटिमीटरचे चौकोन दिसतील.

सगळीकडे सारख्या लहरी मात्र ठेवू नका. पंपाचं पाणी जिथून आत येतं तिथे हालचाल जास्त असते, आडोशाच्या कोपऱ्यात पाणी जवळपास निवांत. त्याच व्हर्टेक्स ग्रुपचं वेट निवांत कोपऱ्यांत ०.३ पर्यंत उतरवलं की झालं. जाळं `Shadow Caustics` ने काढलं असेल तर त्या कोपऱ्यांत ते आपोआप फिकं पडतं. हाताने घातलेलं असेल तर तिथे त्यालाही तेवढंच पुसावं लागतं, नाहीतर शांत पाण्याखाली नाचणारं ऊन दिसतं.